अनुभव धागा: पंधरा-सोळा तासांच्या विमानात प्रीमियम इकॉनॉमीचे जास्तीचे पैसे कधी वसूल होतात?

सायली_पुणे
आई-बाबा एप्रिलमध्ये भावाकडे सॅन होजेला निघालेत. मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को, दुबईनंतर सलग सोळा तासांच्या आसपास. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन माणशी १,२०,००० आणि प्रीमियम इकॉनॉमीचं २,०६,००० सांगताहेत. आईची उंची जेमतेम पाच फूट, गुडघे दुखतात. बाबा सहा फूट, कंबर धरते. बिझनेसचा विचारच नाही. ज्यांनी असे पैसे दिलेत किंवा विचार करून दिले नाहीत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खारघरचा_वाटसरू
ताई, मी बरीच वर्षं तिकिटांच्याच धंद्यात आहे, म्हणून आधी हिशोब मांडतो. फरक ८६,००० दिसतो, पण तो सगळा सीटचा नाही. भारतातून सुरू होणाऱ्या इकॉनॉमी तिकिटावर जीएसटी ५ टक्के. प्रीमियम इकॉनॉमी मात्र बिझनेसच्या रांगेत धरतात आणि सप्टेंबर २०२५ पासून तिथे १८ टक्के लागतो. तुमच्या आकड्यांत ढोबळमानाने २४,००० नुसता कराचा फरक आहे, त्या पैशांत आईला एक इंचही जागा जास्त मिळत नाही.

आता उरलेली बाजू. इकॉनॉमीत चांगली जागा आधी निवडायची तर वेगळे पैसे पडतात, प्रीमियममध्ये बहुतेक वेळा नाहीत. जाऊन-येऊन त्याचे १२,००० धरा आणि वजा करा. राहिले ७४,०००. मुंबई–दुबई तीन तासांचा टप्पा हिशोबात धरूच नका, तेवढं कुणीही बसतं. लांबचे दोन टप्पे मिळून बत्तीसेक तास. म्हणजे माणशी तासाला २,३०० रुपये. हा आकडा समोर ठेवून बाबांना विचारा. माझा स्वतःचा अंदाज असा की दोन हजारांच्या आत आला तर साठीपुढच्या माणसासाठी घ्यावं. त्याच्या वर गेला तर एकाच दिशेला घ्यावं.

आणखी एक. मुंबई–दुबईच्या विमानात प्रीमियमचा कक्ष आहे का, हे तिकिटावर बघा. नसेल तर त्या टप्प्याला इकॉनॉमीतच बसवतात.

नाशिककर_मिलिंद
एवढा खर्च कशाला? मी दरवेळी १०-१२ हजार जास्त भरून एक्स्ट्रा लेगरूमची सीट घेतो. पुढच्या रांगा, पाय पसरायला ऐसपैस. प्रीमियम म्हणजे तेच ना?

खारघरचा_वाटसरू
मिलिंदराव, तुमची सीट ही इकॉनॉमीचीच, फक्त पुढची जागा तीन-चार इंच जास्त. पायांचा प्रश्न तिने सुटतो, हे तुमचं बरोबर आहे आणि बाबांसाठी तो पर्याय खरंच बघण्यासारखा आहे. पण रुंदी तीच राहते, सतरा-अठरा इंच. बऱ्याच मोठ्या विमानांत इकॉनॉमीची रांग तीन-चार-तीन असते, प्रीमियमची दोन-चार-दोन. इकॉनॉमीत दोन रांगांत ३१-३२ इंच, प्रीमियममध्ये ३८ ते ४०, आणि पाठ बरीच जास्त मागे जाते. दोन-चार-दोनमध्ये नवरा-बायकोला खिडकीकडच्या दोन सीट मिळाल्या की मध्ये तिसरं माणूस नाही. रात्री उठायला अनोळखी माणसाला जागं करावं लागत नाही. वयस्कर माणसांना हे पायांच्या जागेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फिजिओ_सांगली
सायली, आईबद्दल लिहिते. कमी उंचीच्या बायकांना पुढे जागा किती आहे याने फारसा फरक पडत नाही. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, सीटची कड मांडीच्या मागे रुतते आणि पोटऱ्या, गुडघे भरून येतात. प्रीमियममध्ये पाय ठेवायला आधार असतो, त्याचा उपयोग आईला बाबांपेक्षा जास्त होईल. इकॉनॉमीत बसवलंत तरी हवेची फुगवायची छोटी उशी पायाखाली द्या, निम्मं काम होतं.

पण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून प्रीमियम घ्या असं कुणी सांगितलं, तर मी सहमत नाही. धोका तासन्‌तास न हलण्यामुळे येतो, सीट रुंद असली तरी. खिडकीशी बसलेली माणसं कमी उठतात. आईला आतल्या वाटेकडची सीट द्या आणि दर दोन तासांनी एक फेरी. आधी गुठळी झालेली असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर मोजे-गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा.

न्यूजर्सीची_काकू
मी सिंगापूरहून नुअर्कला थेट गेले आहे, जवळजवळ एकोणीस तास. त्या विमानात इकॉनॉमी नाहीच, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. बसायला सुख आहे, ते नाकारत नाही. जेवताना पुढच्याची पाठ ताटावर येत नाही, वाचायला बरं वाटतं. झोप मात्र तुकड्यातुकड्यांचीच.

कारण सांगते. सीटच्या मधले हात पक्के असतात, ट्रे त्यातच घडी करून ठेवलेला असतो, ते वर उचलता येत नाहीत. त्यामुळे शेजारची सीट रिकामी असली तरी आडवं होता येत नाही. कुशीवर वळलं की कंबर त्या कठड्याला टेकते. दुसऱ्या विमानाने इकॉनॉमीत परतताना ते अर्धं रिकामं होतं, मधले हात वर केले, तीन सीटवर सहा तास झोपले. म्हणून मे-डिसेंबरच्या गर्दीत पैसे द्यावेत, फेब्रुवारीसारख्या मंदीत नाही, असं माझं मत झालंय.

अद्वैतची_आई
आमचं बाळ आठ महिन्यांचं होतं. पाळणा अडकवायची जागा इकॉनॉमीच्या भिंतीजवळच्या रांगेत मिळाली, प्रीमियममध्ये नाही म्हणाले. बाळ असेल तर आधी फोन करून पाळण्याचं विचारा. आजी-आजोबांसाठी विचारलंय हे कळतंय, पण कुणाला उपयोग होईल.

डोंबिवली_लोकल
मी इकॉनॉमीचं तिकीट काढून नंतर प्रीमियमच्या सीटसाठी एअरलाइनकडे बोली लावली होती. मिळालं, पण सामानाची मर्यादा मूळ तिकिटाचीच राहिली आणि आम्हा दोघांना वेगवेगळ्या रांगांत बसवलं. आई-बाबांसाठी हा मार्ग मला पटत नाही. एकट्याने जाणाऱ्याने जरूर करावा.

कोल्हापूरचे_काका
आम्ही दोघं सत्तरीचे. इकॉनॉमीच काढलं आणि दुबईत एक रात्र थांबलो. आंघोळ, आडवं अंग, गरम वरण-भात, मग दुसऱ्या दिवशी पुढचं विमान. प्रीमियमच्या फरकापेक्षा स्वस्त पडलं.

खारघरचा_वाटसरू
काका, तिथला व्हिसा, हॉटेल, सामान पुन्हा देणं हे सगळं आलं. व्हीलचेअर लागणाऱ्यांना ते जड जातं.

कोल्हापूरचे_काका
आम्हाला नाही गेलं. सोळा तासांचा टप्पा ताजं होऊन सुरू केला, हे मला सीटपेक्षा मोठं वाटतं.

सायली_पुणे
सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. जाणं सुट्टीच्या गर्दीत आहे, येणं ऑक्टोबरमध्ये. जाताना प्रीमियम आणि येताना इकॉनॉमी असं एकाच तिकिटावर विचारलं, माणशी १,६४,००० सांगितले. बाबांना पहिली रांग घ्यावी का?

खारघरचा_वाटसरू
नको. पहिल्या रांगेत समोर भिंत येते, सहा फुटी माणसाचे पाय सरळ होत नाहीत आणि उडताना-उतरताना पिशवी वरच ठेवावी लागते, आईच्या गोळ्या हाताशी राहणार नाहीत. दुसरी किंवा तिसरी रांग, कडेच्या दोन सीट, बाबा खिडकीशी, आई वाटेकडे. शेवटची रांगही टाळा, तिथे पाठ पूर्ण मागे जाते का ते विमानागणिक बदलतं.

फिजिओ_सांगली
आणि येताना इकॉनॉमीत बाबांना वाटेकडची सीट, पायउशी आईच्या पिशवीत.