चर्चा: लिलावात नऊ लाख पंचेचाळीस हजार भरून घेतलेला नगरपरिषदेचा गाळा तीन वर्षांनी पुन्हा लिलावात काढणे योग्य आहे का?

गाळाधारक, गाळा क्र. ११

आमच्या नगरपरिषदेच्या नव्या व्यापारी संकुलातील १८० चौरस फुटांचा गाळा मी जाहीर लिलावात घेतला. बिनपरतीची अनामत म्हणजे प्रीमियम ९,४५,००० रुपये भरला असून वार्षिक भाडे २४,००० रुपये आहे. करार तीन वर्षांचा आहे. नूतनीकरणाच्या कलमात 'परिषदेच्या ठरावाने व प्रचलित दराने नूतनीकरण करता येईल' असे लिहिले आहे. आता मुदत संपायला आठ महिने उरले असताना गाळे पुन्हा लिलावात काढण्याची भाषा सुरू झाली आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, एवढा प्रीमियम घेतल्यावर परिषदेने त्याच धारकाला किमान तीस वर्षे गाळा द्यायला हवा. अन्यथा हा प्रीमियम नेमका कशाचा घेतला, हे परिषदेने सांगावे.

निवृत्त मालमत्ता लिपिक

नगरपरिषदेच्या मालमत्ता विभागात माझी बावीस वर्षे गेली, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रीमियम हा त्या मुदतीत गाळा ताब्यात ठेवण्याच्या हक्काची किंमत आहे, गाळ्याची नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ९२ प्रमाणे परिषद स्वतःच्या अधिकारात स्थावर मालमत्ता जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी भाडेपट्ट्याने देऊ शकते. त्यापुढे नूतनीकरण करायचे तर नगरपरिषद प्रशासन संचालकांची परवानगी लागते, आणि तीही अशी की एकूण मुदत सात वर्षांच्या वर जाऊ नये. त्याहून लांब मुदतीचे हस्तांतरण हा वेगळा रस्ता आहे. त्याला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी लागते. म्हणजे बोली पुकारणाऱ्या अधिकाऱ्याने लिलावाच्या दिवशी तोंडी तीस वर्षांचा शब्द दिला असता, तरी तो शब्द देण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

आता आपल्या बोलीचा हिशेब पाहा. ९,४५,००० ला तीनने भागले तर वर्षाला ३,१५,००० होतात, त्यात भाड्याचे २४,००० मिळवले की ३,३९,००० होतात, आणि महिन्याला पडतात २८,२५० रुपये. हीच रक्कम सात वर्षांवर पसरली, तर भाडेवाढ तूर्त बाजूला ठेवून, वर्षाला १,५९,००० आणि महिन्याला १३,२५० रुपये पडतात. आपल्या बाजारपेठेत तेवढ्याच खासगी गाळ्याचे भाडे किती आहे, ते कळवावे.

गाळाधारक, गाळा क्र. ११

समोरच्या रस्त्यावर चौदा हजारांपर्यंत जाते. मी हिशेब सात वर्षांचाच धरला होता, कारण लिलावाच्या दिवशी सगळेच 'नूतनीकरण होतेच' असे म्हणत होते. शिवाय प्रीमियमसाठी बँकेचे कर्ज काढले आहे, ते वेगळे.

निवृत्त मालमत्ता लिपिक

कर्ज असेल तर सात वर्षांचा हिशेबही तोट्याचा होतो. दहा टक्के व्याजाने ९,४५,००० चे सात वर्षांचे हप्ते महिन्याला साधारण १५,७०० रुपयांचे पडतात. त्यात भाड्याचे दोन हजार मिळवले की खासगी गाळ्यापेक्षा महाग झाले. आपल्याला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. लिलावात बोली वर चढते ती नूतनीकरण गृहीत धरून. करारात मात्र ते गृहीत धरलेले नसते, आणि बहुतेक तंट्यांचे मूळ याच फरकात असते.

करदाती, प्रभाग ७

मी गाळाधारक नाही, या शहरात घरपट्टी भरणारी नागरिक आहे, आणि तीस वर्षांच्या मागणीला माझा विरोध आहे. आमच्या जुन्या भाजी मंडईत काही गाळे दोन पिढ्यांपासून त्याच घराण्यांकडे आहेत आणि आजही महिन्याला काहीशे रुपये भाडे भरून चालतात. त्या गाळ्यांत आता स्वतः धारक बसत नाहीत. त्यांनी ते दुसऱ्यांना कित्येक पट भाड्याने दिले आहेत. हा फरक कुणाच्या खिशात जातो? जी मुले आज नवा धंदा सुरू करू पाहतात, त्यांना बोली लावण्याची संधीच मिळत नाही. मुदत संपली की जाहीर लिलाव झालाच पाहिजे, आणि जुन्या धारकाने त्यात इतरांप्रमाणे बोली लावावी.

गाळाधारक, गाळा क्र. ११

ताई, जुन्या मंडईतील गाळे प्रीमियम न भरता मिळालेले आहेत आणि माझा गाळा लिलावातला आहे. दोन्ही एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. मी शटर, फर्निचर, वीजजोड आणि फरशीवर जवळपास दोन लाख खर्च केले. तीन वर्षांत ग्राहकाला दुकानाची सवय लागते न लागते, तोच पुन्हा बोली लावायची, आणि समोरच्याला ठाऊक असते की मी हा गाळा सोडू शकत नाही. अशा लिलावात मीच माझ्या जमवलेल्या गिऱ्हाइकाची किंमत परिषदेला दुसऱ्यांदा भरणार.

कायद्याचा अभ्यासक

गाळाधारकांनी घाबरू नये. मुदत संपल्यावर परिषद भाडे स्वीकारत राहिली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे भाडेकरार पुढे चालू राहिला असे धरले जाते. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मुळे भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही. तेव्हा भाडे वेळेवर भरत राहा आणि पावत्या जपून ठेवा.

निवृत्त मालमत्ता लिपिक

पावत्या जपण्याचा सल्ला योग्य आहे, पण दुसरा आधार चुकीचा आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना तो कायदा लागूच होत नाही. नगरपरिषदेचा गाळाधारक त्या छत्राखाली येत नाही, हे मी कित्येक व्यापाऱ्यांना नोटीस हातात पडल्यावर समजावले आहे.

कलम ११६ बद्दल आपण अर्धे बरोबर आहात. मालकाने संमतीने भाडे घेतले, तर तो युक्तिवाद करता येतो. परंतु त्या पावतीवर काय लिहिले आहे, ते वाचावे लागेल. मुदत संपल्यानंतर आमच्या कार्यालयातून छापील पावतीवरचा 'भाडे' हा शब्द पेनाने खोडून त्यावर 'वापराबद्दल नुकसानभरपाई, हक्कास बाधा न येता' असे लिहून सही केली जात असे. व्यापारी ती घडी घालून खिशात ठेवी आणि दोन वर्षांनी तीच पावती भाडेकरू असल्याचा पुरावा म्हणून पुढे करी. शिवाय जी मुदत कायद्याने परिषदेलाच देता येत नाही, ती पावतीच्या आधारे मिळेल, असे मला वाटत नाही. निर्णय अर्थातच न्यायालयाचा.

कायद्याचा अभ्यासक

भाडे नियंत्रणाची दुरुस्ती मान्य आहे. संमतीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. तीन-तीन वर्षे मागणी बिल पाठवायचे, पैसे घ्यायचे आणि नंतर म्हणायचे की आमची संमती नव्हती, हे प्रामाणिक वर्तन नव्हे.

कटलरीवाला

माझाही नूतनीकरणाचाच प्रश्न आहे. सहा वर्षांपूर्वी मी मूळ धारकाकडून चार लाख देऊन गाळा घेतला, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, आणि तेव्हापासून भाडे मीच भरतो. आता नूतनीकरणाचा अर्ज दिला तर कार्यालय म्हणते की गाळा आपल्या नावावर नाही. मी भरलेला प्रीमियम मला परत मिळेल का?

निवृत्त मालमत्ता लिपिक

आपण परिषदेला प्रीमियम भरलेला नाही. चार लाख मूळ धारकाला दिले आहेत, त्यामुळे परिषदेकडे मागण्यासारखे काही नाही. मूळ करारात परवानगीशिवाय हस्तांतरण किंवा पोटभाडे देण्यास मनाई असणार, आणि भाड्याच्या पावत्या मूळ धारकाच्याच नावाने फाटत असणार. दोन्ही एकदा पाहून घ्या. आपला अर्ज पुढे रेटला, तर अटीभंग म्हणून मूळ पट्टाच रद्द होण्याचा धोका आहे. आपण आधी वकिलांना भेटावे, ही विनंती.

महापालिकेतील व्यापारी

एवढा वाद कशाला? शासनाने नूतनीकरणाचे नियम केलेले आहेत. २०१९ च्या नियमांत बाजारमूल्याच्या आठ टक्के वार्षिक भाडे ठरवले होते, ते व्यापाऱ्यांना झेपेना. म्हणून २०२३ मध्ये दर खाली आणले. त्याच दराने अर्ज करा. जळगावात २०१२ मध्ये मुदत संपलेल्या गाळ्यांचा प्रश्न किती वर्षे लोंबकळला, हे सर्वांना माहीत आहे. तशी वेळ येऊ देऊ नका.

निवृत्त मालमत्ता लिपिक

ते नियम महानगरपालिकांसाठी आहेत; जळगावही महानगरपालिकाच आहे. इथे गाळा नगरपरिषदेचा असल्याने कलम ९२ आणि नगरपरिषदांचे १९८३ चे मालमत्ता हस्तांतरण नियम पाहावे लागतील. आठ टक्क्यांचा बोजा केवढा होता, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे: वीस लाख मूल्याच्या गाळ्याला वर्षाचे भाडे १,६०,००० रुपये होते.

करदाती, प्रभाग ७

लिपिकसाहेबांना एक विचारते. सात वर्षांपर्यंत नूतनीकरण शक्य असेल, तर ते जुन्याच भाड्याने आणि दुसऱ्यांदा प्रीमियम न घेता करायचे का? तसे असेल तर पहिल्या बोलीत हरलेल्या माणसावर अन्याय होतो. कारण तीनच वर्षे मिळणार असे समजून त्याने कमी बोली लावली होती.

निवृत्त मालमत्ता लिपिक

हा मुद्दा खरोखर बिनतोड आहे आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. लिलावाच्या जाहिरातीत नूतनीकरणाची पद्धत आधीच लिहिलेली असेल, तर सगळे बोलीदार एकाच माहितीवर बोली लावतात आणि कुणावर अन्याय होत नाही. ती लिहिलेली नसताना नंतर नूतनीकरण दिले, तर आपण म्हणता तसेच घडते. आणि दिले नाही, तर क्रमांक अकरांचे म्हणणे खरे ठरते.

गाळाधारकांनी कलमातील क्रियापद पुन्हा वाचावे. 'करता येईल' यात परिषदेची मर्जी आहे. 'करण्यात येईल' असे असते, तर आपल्या हातात काहीतरी दावा होता. मात्र करारनाम्यावर थांबू नका. लिलावाची जाहिरात, अटी-शर्तींचा मूळ संच आणि लिलावाला मंजुरी देणारा ठराव, या तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागवा. कधी कधी अटींच्या संचात 'करण्यात येईल' असते आणि करारनामा टंकताना ते बदललेले असते. करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवला होता ना? एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीशिवाय पुराव्यात टिकत नाही.

गाळाधारक, गाळा क्र. ११

नोंदणी केलेली आहे. अटींचा संच मात्र मी कधी पाहिलाच नाही; लिलावाच्या दिवशी एका कागदावर सही घेतली होती, तोच असावा. तीस वर्षांची मागणी कायद्यात बसत नाही, हे मान्य करतो. सात वर्षांची मागणी मात्र सोडणार नाही, आणि वाढीव भाडे द्यायची माझी तयारी आहे.

निवृत्त मालमत्ता लिपिक

तर मग आठ महिने हातात असतानाच अर्ज द्या. त्यात थकबाकी शून्य असल्याचा दाखला जोडा, आपण किती भाडेवाढ मान्य करता तो आकडा लिहा, आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ठराव सभेपुढे जाऊन संचालकांकडून परवानगी येईपर्यंत मुदत निघून गेली, असे माझ्या डोळ्यांदेखत अनेकदा झाले आहे, आणि ज्याच्याकडे शिक्का असलेली प्रत होती त्याचेच म्हणणे पुढे ऐकले गेले.

करदाती, प्रभाग ७

अर्ज जरूर द्यावा. तो ठराव सभेपुढे आला, तर वाढीव भाडे बाजारभावाइतके असावे आणि पोटभाडेकरू आढळल्यास गाळा त्याच दिवशी परत घ्यावा, अशी लेखी हरकत मीही नोंदवणार आहे.