मदत हवी आहे: बातमीपत्रात ‘अतिवृष्टी’ला काय म्हणू?

गावातल्या रेडिओसाठी पाच मिनिटांचं बातमीपत्र लिहिते. ‘धरणातून विसर्ग वाढविण्यात आला’ऐवजी ‘धरणातून जास्त पाणी सोडलंय’ केलं, ते लगेच कळलं. (विसर्ग म्हणजे दोन टिंबं, असं एक आजी म्हणाल्या!) अडलंय ते ‘अतिवृष्टी’वर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच सरकारी भाषेत अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाई त्यावर अडते. ‘मुसळधार’ लिहिलं तर शेतकऱ्यांचे फोन आले, “आमचं मंडळ अतिवृष्टीत बसलं की नाही?” दर वेळी आकडा सांगितला तर वाक्य लांबतं, आणि ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. मग शब्द तोच ठेवून पुढे चार शब्दांत अर्थ जोडू, की तुमच्याकडे यासाठी बोलीतला नेमका शब्द आहे?