भोंडल्याच्या गाण्यांची यादी: सोसायटीच्या ग्रुपवर

उज्ज्वलाताई, बी-२०४: सगळ्यांना नमस्कार. शनिवारच्या भोंडल्याची यादी पाहिली. निम्म्याहून जास्त गाण्यांत सासू दुष्ट, नणंद चहाडखोर आणि नवरा खुळा. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. यंदा माझ्या सासूबाई खाली येऊन बसणार आहेत. ही गाणी काढून देवीची गाणी घ्यावीत, एवढीच नम्र विनंती 🙏

गणेशभाऊ, सचिव: शनिवारी पाचच्या आत बी विंगसमोरच्या गाड्या काढाव्यात. फेराला जागा लागते.

सुनंदाकाकू, ए-३०२: उज्ज्वला, मागच्या वर्षी गाण्यानं भांडण लागलं नाही. 'कारल्याचा वेल' चालू असताना कुणीतरी मधेच फ्रिजच्या कुलपाची ओळ घातली, तिथं बिघडलं. गाण्यातल्या सासूला नाव नसतं, गाव नसतं. ती सगळ्यांचीच असते, म्हणून कुणाचीच नसते. घरात खरंच घडलेलं त्यात घातलं की फेरातल्या सगळ्या बायकांचे डोळे एकाच खुर्चीकडं वळतात.

मंगलमावशी, ए-१०१: बरोबर बोलली सुनंदा. पण हे भोंडला भोंडला काय लावलंय सगळ्यांनी? आमच्या हिंगोलीकडं भुलाबाई बसती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर. यादीत भुलाबाईचं एक गाणं नाही.

दिनकरकाका, बी-१०२: आणि दर वेळी नवराच का वेडा? बायकोच्या वेडेपणावर एखादं ठेवा की 😀

पूजा, सी-४०३: काका, तुम्ही खिरापत ओळखायला या. ओळखली नाही तर मिळणार नाही.

उज्ज्वलाताई, बी-२०४: विषय हसण्यावारी नेऊ नका. 'कारल्याचा वेल' मध्ये सुनेला माहेरी जाऊ देत नाहीत. यात गंमत काय?

सुनंदाकाकू, ए-३०२: गंमत अशी की सासू एकदाही 'नाही' म्हणत नाही. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं. मग कोंब येऊ दे, मग जा. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. कारल्याचं बी टोकल्यावर पहिलं फळ तोडायला साधारण दोन महिने जातात. म्हणजे प्रत्येक ओळीत तोंडानं होकार आणि पुढं दोन महिन्यांची रखडपट्टी. एवढं करून हाती काय, तर कडू भाजी. यात शिवी एक नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येक सुनेला कळतं काय म्हणायचंय ते. सासूलाही कळतं, आणि तिला रागावायला जागा सापडत नाही.

गणेशभाऊ, सचिव: शनिवारी पाचच्या आत गाड्या काढाव्यात. एमएच-२० ची पांढरी गाडी कुणाची आहे?

मंगलमावशी, ए-१०१: आणि भाजी झाल्यावर पण सोडत नाहीत. 'मला काय पुसतेस, पूस आपल्या सासऱ्याला.'

सुनंदाकाकू, ए-३०२: हो. तिथून गाण्याचा दुसरा भाग. सासू सासऱ्याकडं ढकलते, सासरा दिराकडं, दीर जावेकडं, जाऊ नणंदेकडं. नवरा सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडायचा नाही. नवरा मधेच आला की पुढं कुणाला विचारायचं राहतच नाही, गाणं तिथंच बसतं. मागच्या वर्षी तेही झालं होतं, नणंद गाळून थेट नवऱ्यावर गेलो.

पूजा, सी-४०३: काकू, आम्हाला दम पण लागला होता. फुलापर्यंतच.

सुनंदाकाकू, ए-३०२: कारण सगळ्या सगळंच म्हणत होत्या. फेराचे दोन भाग करा. अर्ध्या जणी सासूची ओळ म्हणतील, अर्ध्या सुनेची. एका बाजूला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि सवाल-जबाब कानाला वेगळे लागतात. सुरुवात सावकाश करायची. लय भाजीनंतर, ढकलाढकलीपासून वाढवायची. बी पेरतानाच पळालात तर नवऱ्यापर्यंत पाय उचलणार नाहीत.

उज्ज्वलाताई, बी-२०४: आणि शेवटी काठी. पाठीत काठी! लहान मुली फेरात असतात.

सुनंदाकाकू, ए-३०२: शेवट दोन तऱ्हांनी गातात. एक काठीचा. दुसरा 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा'. आपण फणीचा घेऊ.

मंगलमावशी, ए-१०१: का म्हणून? काठी काढली म्हणजे सासर गोड झालं का? बायकांनी जे भोगलं ते गायचं नाही, हे कुठलं शहाणपण? उगं गोड गोड करायलेत.

सुनंदाकाकू, ए-३०२: मंगलताई, काठीचा शेवट खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तिथं थट्टा संपते, खरा मार सुरू होतो. पुढं लगेच हसरं गाणं लावता येत नाही, फेर गप्प होतो. तो शेवट मोठ्या बायकांत, बसून म्हणताना घ्यावा.

दिनकरकाका, बी-१०२: एवढं सासूविरुद्धच पाहिजे तर नाथांचं रोडग्याचं भारूड घ्या. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर, आपल्या घरचं आहे.

उज्ज्वलाताई, बी-२०४: त्यात सासऱ्याला तिकडेच खपव म्हणते! ते तर मुळीच नको.

सुनंदाकाकू, ए-३०२: त्यात मागणी आणि मोबदला बघ. सासरा, सासू, नवरा सगळे उचल म्हणून भवानीला साकडं, आणि बदल्यात काय देणार, तर रोडगा. निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम, हसू तिथं येतं. पण ते नाथांनी लिहिलेलं आहे, बायकांनी फेरात जुळवलेलं नाही. 'एका जनार्दनी' ची ओळ आली की कळतं, सासू-सासरा म्हणजे मनाला चिकटलेले विकार, आणि बाई मागतेय तो एकांत देवापाशी जायला. ती ओळ न म्हणता थांबलं की नुसते शिव्याशाप उरतात. शिवाय ते एकटीनं सोंग घेऊन म्हणायचं असतं. फेराला नको.

पूजा, सी-४०३: बरं, वेड्याच्या गाण्यात नवीन कडवं चालेल ना? 'वेड्याच्या बायकोनं केले होते धपाटे, स्टेपनी स्टेपनी म्हणून त्यानं डिकीत टाकले'

सुनंदाकाकू, ए-३०२: नवीन चालतं, हे नाही. लाडवाला चेंडू म्हणतो कारण लाडू खरंच चेंडूसारखा दिसतो. आकार जुळला तरच वेडेपणा पटतो. धपाटं पातळ, स्टेपनी जाडजूड. असं म्हण: 'पायपुसणे पायपुसणे म्हणून त्यानं उंबऱ्यात टाकले'. तिळाचं खरबरीत धपाटं, तसंच पायपुसणं. आणि तो वेडेपणा कधीच कुणाच्या नवऱ्याच्या नोकरीवर किंवा पगारावर न्यायचा नाही.

दिनकरकाका, बी-१०२: पायपुसणं. झालं आमचं 🙏

गणेशभाऊ, सचिव: पांढरी गाडी!! शनिवारी पाचच्या आत.

उज्ज्वलाताई, बी-२०४: ठीक आहे. फणीचा शेवट, घरातलं खरं एक अक्षर नाही, भारूड नाही. तेवढं पाळणार असाल तर माझी हरकत नाही. पण सासूची बाजू कोण म्हणणार ते आजच लिहा. ऐनवेळी कुणी उठून काही घातलं तर मी तिथंच बोलेन.

सुनंदाकाकू, ए-३०२: सासूच्या बाजूला मंगलताई पुढं. शब्द ठाशीव लागतात आणि त्यांचे पाठ आहेत. सुनेच्या बाजूला पूजा. उद्या रात्री साडेआठला ए विंगच्या जिन्यापाशी एकदा म्हणून बघू, बी ते भाजी आणि सासरा ते नवरा, दोन्ही क्रम पाठ करून या.

मंगलमावशी, ए-१०१: येते. पण भुलाबाईचं एक घ्यायचं.

सुनंदाकाकू, ए-३०२: घेऊ. पहिलंच.