गादी परत घेत नाहीत, "वापरलेली आहे" म्हणतात. मदत हवी आहे

सिंहगडरोडकर
शंभर रात्रींची ट्रायल म्हणजे गादीवर झोपून बघायचं, की शेजारी उभं राहून? ऑनलाइन फोमची गादी घेतली, 17,500 ची. सव्वीस रात्री झोपलो. नवऱ्याची कंबर धरली, मी मध्यरात्री उठून जमिनीवर. परत करायला टाकली. काल मुलगा आला, चादर उचलून मोबाइलवर दोन फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, यूज्ड आहे, रिजेक्ट करावी लागेल." तीन मिनिटांत गेलासुद्धा. आता काय करू? सोबत दोन उशा होत्या, त्याही नकोत. लवकर सांगा, बेडरूममध्ये चालायला जागा नाही.

कोकणातला_मामा
फोमच्या नादी लागायचंच कशाला? आमच्याकडे अजून कापसाची गादी आहे. चार वर्षांनी पिंजून घेतली की नवी होते. पिंजारी मिळत नाही हे मात्र खरं.

फोमवाला
गाद्यांच्या कंपनीत सहा वर्षं परताव्याचंच काम केलंय, म्हणून विचारतो. कंपनीच्या साइटवरून घेतली की शॉपिंग अ‍ॅपवरून? माप काय? डाग आहे का? शिवणीतलं लेबल कापलंय? नकार तोंडी आहे की मेसेज आलाय? हे कळल्याशिवाय काही सांगण्यात अर्थ नाही.

नियमवाचक
इतके प्रश्न कशाला? ग्राहक संरक्षण कायदा 2019 वाचा. 30 दिवसांत माल परत घ्यावाच लागतो. सव्वीस रात्री म्हणजे मुदतीत आहात. सरळ नोटीस द्या.

सिंहगडरोडकर
कंपनीच्याच साइटवरून. लेबल आहे. डाग आहे, पण रुपयाएवढा. मुलगी तेल लावलेल्या डोक्याने येऊन झोपली होती. मेसेजमध्ये "product used / stained" एवढंच आहे. वापरली तर वापरणारच ना! माप 72 बाय 58, दिवाण सुताराने केलाय.

फोमवाला
72 बाय 58 हे तयार माप नव्हे, तुमच्यासाठी कापलेली गादी आहे. बऱ्याच कंपन्या कापून दिलेल्या मापाला ट्रायल देत नाहीत. त्याकडे नंतर येतो.

आधी "वापरलेली" म्हणजे काय ते. ट्रायलमध्ये झोपल्याने गादी वापरलेली ठरत नाही. ठरते ती डाग, फाटलेलं कव्हर, ओल किंवा कापलेल्या लेबलामुळे. फोमची गादी दाबून, गुंडाळून येते, घरी तशी परत गुंडाळता येत नाही, त्यामुळे मूळ खोका मागत नाहीत. आमच्याकडे परत आलेली गादी पुन्हा विकत नसू. चांगली असली तर संस्थेला द्यायचो, नाहीतर फोमचा चुरा व्हायचा. संस्था डागाळलेली घेत नाही, म्हणून डागावर एवढा कटाक्ष. पिकअपवाला ठरवत काही नाही, तो फक्त फोटो टाकतो. निर्णय ऑफिसात होतो, म्हणून नकाराचं कारण लेखी मागा: नेमका कोणता डाग, कोणत्या अटीखाली.

नियमवाचक
आणि माझं काय चुकलं?

फोमवाला
तुम्ही सांगताय ते सदोष मालाचं. बिलात मुदत दिलेली नसेल तर 30 दिवस, पण माल सदोष हवा. कंबर दुखते हा दोष नाही, तो ज्याच्या त्याच्या पाठीचा प्रश्न. या बाईंचा हक्क कंपनीने जाहीर केलेल्या ट्रायलवर उभा आहे, आणि तेवढाच पक्का आहे जेवढा तिच्या अटींत लिहिलाय.

नियमवाचक
जाहिरात केली की वचन दिलं. ते पाळलं नाही तर फसवणूकच ना? तुम्ही कंपनीचीच बाजू घेताय.

फोमवाला
वचन दिलं हे मान्यच. पण वचनात काय होतं ते आधी बघू.

बर्लिनकर
जर्मनीत असतो. इथे ऑनलाइन घेतलेली गादी 14 दिवसांत परत करता येते. वरची संरक्षक फिल्म काढलीत म्हणजे हक्क गेला, असा एका विक्रेत्याचा दावा होता. युरोपीय न्यायालयाने 27 मार्च 2019 ला तो फेटाळला. गादी कपड्यासारखी आहे, अंगाला लागली तरी साफ करून पुन्हा विकता येते, असं म्हटलं. मात्र तपासण्यापलीकडे वापरून किंमत उतरवली असेल, तर तेवढे पैसे कापू शकतात.

सिंहगडरोडकर
पुण्यात हे चालेल?

बर्लिनकर
नाही हो. सहज सांगितलं.

शुभदा_ताई
मी उशी परत करायला गेले होते. मेमरी फोमची, दोन रात्री वापरली, मान अवघडली. पिशवी उघडली की परतावा नाही, म्हणाले. स्वच्छतेचं कारण. तुमच्या उशाही गेल्यात जमा समजा. डागावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. तेल ओढून घेते.

फोमवाला
ताई, उशीचं बरोबर. गादीची ट्रायल उशीला लागू होतेच असं नाही, बिलात दोन वेगळ्या ओळी असतील तर वेगळ्या अटी बघा. पण डाग आता साफ करू नका, त्याचा फोटो त्यांच्याकडे आहे. नंतर गादी स्वच्छ दिसली तर "झाकायला बघितलं" असं म्हणायला त्यांना निमित्त. तुम्हीही फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. आणि पाणी अजिबात नको. फोममध्ये ओल शिरली तर वाळायला दिवस लागतात, वास येतो, आणि तेव्हा नकार खरोखरच योग्य ठरतो.

कोकणातला_मामा
कापसाला उन्हात टाकलं की झालं.

सिंहगडरोडकर
मामा, तिसऱ्या मजल्यावर ऊन कुठून आणू? फोमवाले, डागाशिवाय मधोमध बसकी पण वाटते. सदोष म्हणता येईल?

फोमवाला
वाटून उपयोग नाही, मापून बघा. गादी रिकामी ठेवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत घट्ट दोरा ताणा आणि जिथे खोल वाटतं तिथे दोऱ्यापासून खाली पट्टी धरा. साधारण इंचभर खड्डा असेल तर वॉरंटीत बसण्याची शक्यता, ट्रायलपेक्षा वेगळा रस्ता. पण आधी खालची फळी बघा. दिवाणाची प्लाय मध्ये वाकली असेल तर खड्डा फळीचा, गादीचा नाही.

सिंहगडरोडकर
मोजलं. पाव इंचसुद्धा नाही. दिवाण सरळ आहे. म्हणजे नुसती मऊ आहे, हो ना?

फोमवाला
हो. दोषाचा रस्ता बंद, ट्रायलचाच धरा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, ऑर्डर क्रमांक आणि फोटोंसह. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि तुमच्या रकमेला तिथे फी लागत नाही.

आता कापलेल्या मापाचं. त्यांनी पिकअप स्वतः ठरवून दिलं आणि नकारात मापाचा शब्द नाही, हे मेलमध्ये नोंदवा. पण उद्या मापावर बोट ठेवलं तर विचारणा एकच: पैसे भरण्याआधी ती अट तुम्हाला दाखवली होती का?

सिंहगडरोडकर
आठवत नाही. थांबा, नवऱ्याने तेव्हा नणंदेला ऑफरचा स्क्रीनशॉट पाठवला होता. शोधते.

नियमवाचक
बघा, जाहिरातच महत्त्वाची, मी म्हणत होतो.

सिंहगडरोडकर
सापडला. "शंभर रात्री झोपा, आवडली नाही तर परत." शेवटी एक चांदणी आहे. खाली चांदणीचा अर्थ असणार, पण नवऱ्याने तिथेच स्क्रीन कापलीय. तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकली, हा फोटोही जोडलाय.

फोमवाला
ऑर्डरच्या पुष्टीच्या मेलमध्ये "custom" शब्द शोधा. असेल तर तो पैसे भरल्यानंतर आलाय, हेही मेलमध्ये लिहा.

शुभदा_ताई
आणि उशा कुणाला देणार? मला एक चालेल.