शुक्रवार, शनिवार, रविवार : तीन मेसेज आठवताहेत का कुणाला?

काल भाच्याने विचारलं, "मावशी, दोनदाच भेटलोय आम्ही. सुट्टीत तिला काय पाठवू?" आणि मला २०१६ मधले ते तीन मेसेज आठवले : शुक्रवारी हलकी चेष्टा, शनिवारी चौकशी, रविवारी भेटीचं. आमच्याही दोनच भेटी झालेल्या, दुसरीत मिसळीबरोबर पाव की स्लाइस यावरून वाद. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "पाववाल्यांना रविवारी शेवटची संधी द्यावी म्हणतोय." प्रश्नच नव्हता, त्यामुळे उत्तराचं ओझंही नाही. मी तासाभराने लिहिलं, "संधी हवीये कुणाला?"

शनिवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी भेटीत ओझरतं बोलले होते, त्याने लक्षात ठेवलं. "बाबांचं नीट झालं ना? सवडीने सांग." रविवारी मिसळीचं नावही काढलं नाही! "आज घरीच असशील. बुधवारी साडेसहाला डेक्कनला, तासभर चहा? नाही जमलं तर पुढचा शनिवार." मी लगेच हो म्हटलं. तुमचे अनुभव लिहा.

कोथरूडची_सई
स्लाइस!! पाव रस्सा पितो नुसता. बाकी नंतर वाचते, कुकर लावलाय.

रानवारा
शुक्रवारी आठच्या आत पाठवायचा आणि तिचं उत्तर आलं की दोन तास थांबायचं. नाहीतर भाव राहत नाही.

नंदिनी_ना
वेळेचं पटतं, रात्री अकराला चेष्टा वेगळीच वाटते. पण दोन तास मुद्दाम कशाला? मला एकाने असंच ताटकळवलं, मी समजले याला रस नाही.
चेष्टा कशाची करतो ते बघावं. वादाची, पदार्थाची चालते. माझ्या भावाने तिच्या उशिरा येण्यावर केली. नुसता "हम्म" आला. उलट टोला नाही म्हणजे लागलं, हे त्याला कळलं. शनिवारी साधं लिहिलं, "काल मी जास्तच बोललो, सॉरी. तुझं प्रेझेंटेशन कसं झालं?" मग बोलली मोकळी.

दिगंबर काका
आमच्या लग्नाला ३१ वर्षं झाली. शुक्रवारी "दळण आणा", शनिवारी "आणलं का", रविवारी "पीठ जाड आलंय". हेही तीनच.

कोथरूडची_सई
काका 😂 गिरणीवाल्याला आधी सांगायचं ना बारीक दे म्हणून!

मु.पो.सातारा
स्थळाकडून ओळख असेल तर? आम्ही अजून "तुम्ही"वर आहोत. चेष्टा केली तर आगाऊ वाटेल का? आणि शनिवारच्या मेसेजला उत्तरच आलं नाही तर रविवारचा पाठवायचा?

नंदिनी_ना
मी नसता पाठवला. चौकशीलाच उत्तर नाही, त्यावर भेटीचं विचारलं की तगादा होतो. दोनतीन दिवस जाऊ द्या.

रानवारा
मी पाठवला असता. माणूस कामात असतो.

धागाकर्ती
सातारा, आमचंही "तुम्ही"च होतं की आधी! मिसळीच्या वादात "तू" कधी झालं कळलंच नाही. तुमचा कशावरून वाद झालाय का अजून?

मु.पो.सातारा
कंदी पेढ्यावरून. त्यांना जास्त गोड लागतो म्हणे.