मदत हवी आहे: पंधरा वर्षांची गाडी पुन्हा पास करून घ्यावी की नवी घ्यावी?

देवगडचे_सर
नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ६८. डिसेंबर २०१० मध्ये शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. आजवर ८६,००० किलोमीटर झाले. या डिसेंबरात नोंदणीची पंधरा वर्षं संपतात.

पत्नीला डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला दर दीड महिन्याने कोल्हापूरला न्यावं लागतं. फोंडा घाटाने जातो, एका बाजूला दीडशे किलोमीटरच्या आसपास. इंजेक्शननंतर तिला उजेड सहन होत नाही, त्यामुळे एसटी जमत नाही. बाकी गाडी बाजारापुरतीच निघते.

गॅरेजवाल्याने ४२,००० रुपये खर्च सांगितला आहे: चार टायर, क्लच प्लेट, पुढचं सस्पेन्शन आणि खालचं थोडं वेल्डिंग. पासिंगचा खर्च वेगळा. नवी गाडी घ्यायची तर पावणेसात लाखांच्या घरात जाते आणि त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागेल. मुलगी म्हणते नवी घ्या, हप्ते मी भरते. ते मला नको आहे. इंजिन अजून एका सेल्फमध्ये सुरू होतं. काय करावं?

किरण_७७
सर, पंधरा वर्षं झालेली गाडी आता भंगारातच घालावी लागते. पंपावर पेट्रोलसुद्धा देत नाहीत. खर्च करूच नका.

कुडाळचा_मिस्त्री
किरणभाऊ, तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आला होता. आपल्याकडे खासगी गाडी आरटीओत तपासून घेतली की पाच वर्षांची नोंदणी वाढते. सर, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. फी पाच हजार, वर पर्यावरण कर, आणि जुन्या गाडीला नवी नंबरप्लेट नसेल तर तीही. संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणू नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. "खालचं थोडं वेल्डिंग" म्हणजे नक्की कुठलं? आणि गाडी उभी कुठे असते?

देवगडचे_सर
घरासमोर, पत्र्याच्या शेडमध्ये. समुद्र तीनशे मीटरवर आहे. कुठलं वेल्डिंग ते मी विचारलं नाही.

कुडाळचा_मिस्त्री
मग इंजिनाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. किनाऱ्यावरच्या गाडीचं इंजिन चांगलं राहतं आणि पत्रा आधी जातो. खारी हवा खाली बसते आणि चिखलात अडकलेलं मीठ ओल धरून ठेवतं. शेडमध्ये तर पावसाने ते धुतलंही जात नाही.

गाडी रॅम्पवर चढवा आणि स्वतः खाली उभे राहा. हातात जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. गंजाचे पापुद्रे खरवडून त्याच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर गंज वरवरचा आहे, घासून रंग मारता येतो. थप्प असा बसका आवाज आला तर टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर पत्रा संपला.

तीन जागा नीट बघा. दारांखालची उंबऱ्यासारखी पट्टी, जिथे जॅक लावतो. पुढचे लोअर आर्म बॉडीला बसतात ती जागा. आणि मागचा अॅक्सल जिथे लटकतो ती जागा. शिवाय ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवा. फुगवटे लागले तर घाटात जाऊच नका, दाब पडला की तिथेच फुटतात. काळं डांबरी कोटिंग मारलेलं असेल तर ते खरवडायला लावा, खाली काय लपलंय ते कळत नाही.

नेहा_प
माझ्या बाबांची गाडी अशीच जुनी होती. गुडघ्यामुळे क्लच दाबवेना, म्हणून शेवटी ऑटोमॅटिक घेतली. ते आता ७१ चे आहेत, गावात आरामात फिरवतात. काका, तुम्हीही ऑटोमॅटिकच घ्या!

आबा_सातारकर
मी हिशेबाचं बोलतो. कोल्हापूरच्या फेऱ्या वर्षाला आठ-नऊ. भाड्याची गाडी जाऊन-येऊन साडेपाच हजार धरली तरी वर्षाला पन्नास हजारांच्या आत. बाजाराला रिक्षा आहे. पावणेसात लाखांच्या ठेवीचं व्याज जवळपास तेवढंच येतं. मग गाडी हवीच कशाला? जुनी द्या आणि ठेव राहू द्या.

देवगडचे_सर
आबा, हिशेब मीही मांडला होता आणि तो बरोबर आहे. पण मागच्या जुलैत भाड्याची गाडी सकाळी सातला यायची ती साडेनऊला आली आणि आमची वेळ चुकली. दुसरी वेळ अकरा दिवसांनी मिळाली. त्या अकरा दिवसांत तिला वाचताना ओळी वाकड्या दिसायला लागल्या होत्या. तेव्हापासून मी कुणाच्या गाडीची वाट बघत बसायला तयार नाही.

मिस्त्री, रविवारी रॅम्पवर जातो.

देवगडचे_सर (तीन दिवसांनी)
जाऊन आलो. पुढच्या लोअर आर्मच्या जागा टणटणीत आहेत. ब्रेकच्या नळ्यांपैकी मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी फुगली आहे. डावीकडच्या दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. मागच्या अॅक्सलजवळ डाव्या बाजूला कोटिंग खरवडलं तर आधी लाल भुगा पडला आणि मग आरपार उजेड दिसला. गॅरेजवाला म्हणाला, पत्र्याचा तुकडा लावून देतो, पासिंगला काही अडचण येणार नाही.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. गेली दोन वर्षं तिला मागच्या सीटवर झोपवून मी याच गाडीने घाट उतरत आलो.

कुडाळचा_मिस्त्री
सर, नळी बदलणं सोपं आहे, पट्टीही कापून नवी जोडता येते. पण अॅक्सलच्या जागेवर वरून तुकडा लावून भागत नाही. वेल्डिंगला धरायला आजूबाजूचा पत्रा जाड हवा, तो पातळ झालेला असला की टाका तिथून पुढे फाटतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जावं लागतं आणि मग खर्च कुठे थांबेल ते कुणी सांगू शकत नाही. आरटीओत ब्रेक, दिवे, धूर हे तपासतात. रंगाखालचा पत्रा बघतीलच असं नाही. पास झाली म्हणून मजबूत झाली असं समजू नका.

आबा_सातारकर
माझा आग्रह मी मागे घेतो. पण जुनी देताना कुणाला चालवायला विकू नका सर, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथला दाखला नव्या गाडीच्या करसवलतीसाठी उपयोगी पडतो.

किरण_७७
छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, वरचा सेसही गेला. दरपत्रक त्याआधीचं असेल तर नवं मागवा.

देवगडचे_सर
दरपत्रक ऑगस्टचंच आहे. उद्याच नवं मागवतो. पासिंगचा अर्ज करत नाही. पुढची कोल्हापूरची फेरी भाड्यानेच, पण गाडी आदल्या रात्री इथे मुक्कामाला बोलावणार आहे.

नेहा, माझा गुडघा अजून ठीक आहे, पण पुढची पंधरा वर्षं तो तसाच राहणार नाही हे खरं. क्लच नसलेली गाडी घाट उतरताना गिअरमध्ये धरून ठेवता येते का? मला आजवर दुसऱ्या गिअरवर, ब्रेक न तापवता उतरायची सवय आहे.

कुडाळचा_मिस्त्री
हाताने गिअर धरायची सोय बहुतेकांत असते. काही गाड्या इंजिनाचे फेरे वाढले की आपणच वरचा गिअर टाकतात. ते बसून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

देवगडचे_सर
शोरूमवाल्याला विचारलं. ट्रायल गावातल्या सपाट रस्त्यावर देतो म्हणाला. मी सांगितलं, फोंडा घाट चढून उतरून बघू, पेट्रोल मी घालतो आणि सौ. मागे बसतील. शनिवारचं ठरलं आहे. शेड मात्र आता घराच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आड हलवायला घेतली आहे.