रॅपमधला 'फ्लो' म्हणजे लयच ना?

कल्याणकर: आमच्या ग्रुपमध्ये परवापासून वाद चाललाय, इथल्या लोकांनी मत द्या. रोजच्या लोकलवर रॅप लिहितोय, ट्रॅप बीट आहे, १४० बीपीएम. पहिल्या दोन ओळी अशा:

कल्याण दादर रोजची धावपळ डब्यात
अंगावरती अंग नि सॅकचा पट्टा गळ्यात

दोन्ही ओळीत सोळा सोळा अक्षरं आहेत, मोजून लिहिली. मित्राने ऐकून सांगितलं की लय चांगली आहे पण फ्लो नाही. मी म्हटलं अरे लय म्हणजेच फ्लो, मराठीत वेगळा शब्दच नाही. तो म्हणतो वेगळी गोष्ट आहे, पण काय वेगळं ते त्याला सांगता येईना. आणि दुसरं, ओळीच्या पोटात जुळवतात ते इंटरनल राइम, त्याला आपल्याकडे नाव काय?

ओघवती: फ्लोला सरळ 'ओघ' म्हणा. 'त्याच्या बोलण्याला ओघ आहे' असं आपण म्हणतोच की. चांगला शब्द घरात असताना शेजारी कशाला मागायला जायचं. आणि पोटातलं यमक म्हणजे दामयमक, दहावीला होतं.

लेडीजस्पेशल: फ्लो म्हणजे आमच्याकडे दादरला उतरताना जो लोंढा असतो तो. फ्लो पकडला की काही करावं लागत नाही, आपोआप खाली उतरतो माणूस. चुकून उलट्या बाजूला उभं राहिलं तर थेट भायखळा. मी नवीन मुलींना पहिल्यांदा हेच सांगते, ठाणं सुटलं की फ्लोमध्ये उभी राहा. रॅपमध्येही तसंच असेल ना, शब्दांच्या लोंढ्यात उभं राहायचं?

मात्रावृत्त: ओघवतीताई, दामयमक वेगळं. एका चरणाच्या शेवटी जी अक्षरं येतात त्यांनीच पुढचा चरण सुरू होतो, ते दामयमक, म्हणजे सांधा दोन चरणांमध्ये असतो. ओळीच्या मधे जुळतं ते मध्ययमक, काही जण अंतर्यमक म्हणतात. आणि ही गोष्ट रॅपवाल्यांनी आणली असं कुणी समजू नये. मोठा अभंग घ्या. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. विटेवरी-कटावरी जुळतं ते पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसरीच्या पोटात, शेवटचं 'ठेवोनिया' मोकळंच सोडलंय. तुकोबांनी ती जागा शेवटी न ठेवता मधे ठेवली म्हणून म्हणणारा शेवटपर्यंत थांबत नाही, पुढे ओढला जातो. कल्याणकर, तुमच्या ओळींत डब्यात-गळ्यात हे फक्त शेवटी आहे, मधे काहीच जुळत नाही.

बीटवाली: सर, अभंगाचं एकदम पटलं. पण कल्याणकर, तुझी मेन अडचण तिथूनच सुरू झालीय. तू अक्षरं मोजलीस कागदावरची. अभंग गाताना 'सुंदर'मधला शेवटचा अ गिळत नाहीत, सुं-द-र तीन जागा घेतं, म्हणून तिथे अक्षर मोजणं चालतं. रॅप आपण बोलतो तसा करतो. तुझी पहिली ओळ तोंडाने म्हण आणि झटके मोज. कल्-याण, दा-दर, रोज-ची, धाव-पळ, डब्-यात. दहाच भरतात. दुसरी ओळ अं-गा-वर-ती, अंग, नि, सॅक-चा, पट्-टा, गळ्-यात, बारा. कागदावर सोळा-सोळा आणि तोंडात दहा-बारा. सोळा घरांची जागा भरायला तू धाऽऽवपळ असं लांबवत असणार, ऐकणाऱ्याला तेच खटकलं. शिवाय पहिल्या ओळीतला प्रत्येक शब्द दोन झटक्यांचा, त्यामुळे पीटी परेडसारखं वाजतं.

कल्याणकर: हो धाऽऽव असंच म्हणतोय मी. सोळा घरं म्हणजे?

बीटवाली: मी १४० वरच मोजते. एक ओळ दोन बारची, म्हणजे आठ ठोके, ठोक्याला दोन घरं, झाली सोळा. एवढं सगळं साडेतीन सेकंदांच्या आत संपतं. ट्रॅपमध्ये स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, प्रत्येक बारच्या तिसऱ्या ठोक्याला पडते, म्हणून वेग १४० असूनही कानाला ७० वाटतो. म्हणजे तुझ्या ओळीत स्नेअर दोनदा येते, पाचव्या घरावर आणि तेराव्या घरावर. आतलं यमक तिथे ठेवायचं. हायहॅट वर कितीही थरथरू दे, कान स्नेअरलाच धरून असतो. मी पटकन अशी केली:

ठाण्यात घुसते गर्दी आत, दारात लोंबते अर्धी वरात

ठाण्-यात घुस-ते ही चार घरं, पाचव्यावर गर्-दी, सातव्यावर आत, आठवं रिकामं, तिथे श्वास घ्यायचा. मग दा-रात लोंब-ते, तेराव्यावर अर्-धी, शेवटी व-रात. पंधरा झटके आणि एक श्वास. ठाण्यात-दारात आणि आत-वरात हे जास्तीचं मिळालं, पण ते नसतं तरी गर्दी-अर्धीवर ओळ उभी राहिली असती. कागदावर मोजलीस तर ही एकवीस अक्षरं भरतील.

मात्रावृत्त: 'दारात लोंबते अर्धी वरात' चित्र छान आहे. पण गर्दी-अर्धी हे यमक नाही. द आणि ध वेगळे, गर्दीला वर्दी किंवा सर्दी हवं. यम म्हणजे जुळं, यमक हा शब्दच तिथून आला. जुळी दिसायला सारखी नकोत का?

बीटवाली: त्या वेगात द-धचा फरक कोण ऐकणारे सर. र् आणि ई तेच आहेत, वजन तेच आहे. वर्दी बसवायला गेले तर मला उगाच एक पोलीस आणावा लागेल डब्यात.

गझलप्रेमी: गझलेत याला स्वरकाफिया म्हणतात, फक्त स्वर जुळतो, व्यंजनं मोकळी. पण हे सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका, मुशायऱ्यात यावरून लोक उठून जातात. बाकी रॅपवाले ज्याला मल्टी म्हणतात, म्हणजे दोन-तीन झटके एकत्र जुळवायचे, ते स्वरांशिवाय मराठीत फार लांब जात नाही. शुद्ध जोड्या चार कवितांत संपतात.

ओघवती: म्हणजे 'लोकल'चं यमक 'बोटल' पण चालेल? हल्ली असंच चाललंय, भाषेचं काही पडलेलंच नाही कुणाला. आणि 'स्नेअर', 'बार', 'झटके' यांच्याऐवजी आघात, आवर्तन, अवयव हे शब्द आहेत.

बीटवाली: आवर्तन मस्त आहे, घेते. आघात नको, बातमी वाटते.

तबलजी: मी उशिरा आलो. तुम्ही सगळे ज्याच्याभोवती फिरताय त्याला आमच्याकडे 'लयकारी' म्हणतात. लय म्हणजे नुसता वेग, विलंबित, मध्य, द्रुत. ती कल्याणकरांची बिघडलेली नव्हती, बीट १४० वर चालूच होता की. त्या लयीत तुम्ही बोल कसे बसवता, कुठे दाटी, कुठे जागा, ती लयकारी. मित्र बरोबर होता असं माझं मत.

ओघवती: मग ओघ का नको? लयकारी ऐकून लोकांना मैफल आठवेल.

तबलजी: ओघात खंड नसतो ताई. आणि या मुलीने तर आठवं घर मुद्दाम रिकामं ठेवलंय. त्या जागेमुळेच पुढचं 'दारात' अंगावर येतं.

बोलीभाषक: आमच्या कोल्हापूरला लय म्हंजे 'लई', भरपूर. लय भारी. लई आणि लय एकच असणार, संगीतात माणूस बुडतो, भरपूरमध्येपण बुडतो.

मात्रावृत्त: लय 'ली'पासून, विरघळणे, लीन होणे. 'लई'चं मूळ वेगळं असावं, पण तो स्वतंत्र धागा काढा.

कल्याणकर: तबलजी दादा, लयकारी मित्राला सांगतो. बीटवाली, तिसरी ओळही अशीच सोळा घरांची करू ना?

बीटवाली: नको, दोन ओळी एकाच साच्यात गेल्या की तिसरीत साचा मोड, नाहीतर बडबडगीत होतं. ठोक्याला दोनऐवजी तीन झटके टाक. ट्रॅपला ते फार शोभतं आणि तुझ्या लाइनवर ते आयतं आहे:

भांडुपला विक्रोळी घाटकोपर कुर्ल्याला

भां-डुप-ला, विक्-रो-ळी, घाट-को-पर, कुर्ल्-या-ला. चार ठोके, बारा झटके, एक बार भरला. तिसरा ठोका म्हणजे स्नेअर 'घाट'वर येते, जड झटका आहे, बरोबर बसतो. पण पूर्ण ओळभर हे करू नकोस, दुसऱ्या बारमध्ये परत दोन-दोनवर ये. तीन-तीनचं चार ठोक्यांपेक्षा लांबवलं की श्वास संपतो आणि शेवटचे झटके स्नेअरच्या मागे पडायला लागतात. ओळखायची सोपी युक्ती, मोबाइलवर रेकॉर्ड कर, ऐकताना फक्त स्नेअरला टाळी वाज. टाळी जुळणाऱ्या झटक्यावर पडली तर ठीक. शब्दांच्या मधल्या फटीत पडली तर ओळ घसरलीय, मग वेगाने बोलून भरून काढू नकोस, एखादा शब्द उडव.

तबलजी: ठोक्याला तीन म्हणजे तिस्र. धा धी ना, धा तू ना, अशी ओळ म्हणून बघा, दादऱ्याचे बोल चपखल बसतात.

लेडीजस्पेशल: एक मिनिट, कल्याण-दादर फास्टने जाताय ना? आमची सकाळची फास्ट भांडुपला थांबत नाही. 'भांडुपला' म्हटलं की थांबली असंच वाटतं. रोज जाणारा माणूस इथेच म्हणेल की हा कधी लोकलने गेलेला नाही.

बीटवाली: मग स्लो पकडायला लाव त्याला.

लेडीजस्पेशल: कल्याणहून दादरला स्लोने कोण जातं सकाळी! आणि दारात लोंबते वरात हे जेन्ट्स डब्यातलं. आमच्याकडे चौथ्या सीटवरून भांडणं, 'कुठे उतरणार' विचारून सीट बुक करणं, आदल्या रात्री निवडलेली भाजी. हे पण घ्या ना. 'कुठे उतरणार' किती झटके?

बीटवाली: कु-ठे उ-तर-णार, पाच. 'उतरणार'चा 'णार' स्नेअरवर टाकला तर नाकारणार, आवरणार, सावरणार, लाइन लागेल. ताई, हा तर हुक आहे अख्ख्या गाण्याचा!

ओघवती: 'हुक'ला ध्रुवपद म्हणतात.

बोलीभाषक: तबलजीनी दादरा म्हटलं म्हणून विचारतो, दादर म्हंजे जिना ना? आमच्यात माडीवर जायच्या जिन्याला दादर म्हणतात. मुंबईला चढायचा जिना म्हणून ते दादर असं आजोबा सांगायचे. दादरा ताल पण पायऱ्यांवरूनच आला असणार, तीन पायऱ्या चढल्या की वळण.

तबलजी: तालाचं नाव जिन्यावरून हे मी तरी कुठल्या उस्तादांकडून ऐकलेलं नाही.

मात्रावृत्त: जिन्याचा अर्थ खरा, कोकणातही दादर म्हणतात. तालाशी जोडणं हा कल्पनाविलास. आणि कल्याणकर, गर्दीला 'अर्धी' ठेवणार असाल तर निदान पुढच्या कडव्यात एक तरी शुद्ध जोडी द्या.

कल्याणकर: देतो सर. 'कुठे उतरणार' घेऊन नवीन कडवं लिहायला बसलोय. लेडीजस्पेशल ताई, सीट बुक करताना पुढे नक्की काय म्हणतात तुमच्याकडे, शब्दशः सांगा.

लेडीजस्पेशल: 'घाटकोपर? मग मला द्या हं, मागे कुणी नाहीये ना?' आणि मागे कुणीतरी असतंच.

ओघवती: यात 'बुक'ऐवजी 'राखून ठेवणे' चालेल.